दाराआडचा प्रसंग: न दाखवता ऐकवायचं कसं

प्रसंग असा आहे. दहा वर्षांची मुलगी आपल्या खोलीत टेबलाशी बसून चित्र रंगवते आहे. दार बंद आहे. दारापलीकडे तिचे आईवडील बोलताहेत. बोलणं थांबतं. कपाट उघडतं, बॅगेची चेन ओढली जाते, पावलं बाहेरच्या दाराकडे जातात. वडील घर सोडून निघून जातात. कॅमेरा सगळा वेळ मुलीच्या खोलीतच आहे आणि या दोन मिनिटांत वडील एकदाही दिसत नाहीत.

हा प्रसंग मी एका लघुपटासाठी बांधला होता आणि पहिल्या खेपेला तो साफ फसला. पाहणाऱ्या पाच जणांपैकी तिघांना वाटलं की वडील कामाला गेले. एकाला वाटलं की घरात चोर शिरलाय. पाचव्याने विचारलं, "मुलीचं चित्र नंतर दाखवणार आहात का?" तो प्रसंग नंतर दुरुस्त कसा झाला ते इथे क्रमाने सांगतो. अपघात असो, भांडण असो की दारावरची थाप, चौकटीबाहेरचा कुठलाही प्रसंग याच वाटेने बांधता येतो. म्हणून उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलं आहे.

आधी न दिसणारा प्रसंग पूर्ण लिहा

माझी पहिली चूक पटकथेतच होती. मी लिहिलं होतं: "बाहेरून भांडणाचे आणि वडील निघून गेल्याचे आवाज येतात." या वाक्यावरून कुणालाच काही करता येत नाही. कपाट कुणी उघडलं? वडील किती वेळा थांबले? आई त्यांच्यामागे आली का? हे लेखकालाच ठाऊक नसलं की एडिटच्या टेबलावर आवाज नुसते रचले जातात. एक कपाट, एक चेन, एक दार, आणि सगळ्यांमध्ये सारखंच अंतर. ऐकणाऱ्याला तिथे माणूस जाणवतच नाही.

तेव्हा दाराआडचा प्रसंगही तो दिसणारच आहे असं समजून लिहायचा. कोण कुठे उभं आहे, कोण कुणाकडे पाठ करून आहे, सगळं. संवादही पूर्ण लिहायचे, पुढे ते कुणाला कळणार नसले तरी. मग घराचा साधा नकाशा काढायचा. आमच्या नकाशात मुलीच्या खोलीचं दार चौकटीत डाव्या हाताला होतं. दारापलीकडे बोळ, बोळाच्या पलीकडे आईवडिलांची खोली, अंतर साधारण चार मीटर. बोळाच्या टोकाला, आणखी चार-पाच मीटरवर बाहेरचं दार आणि त्याच्याशेजारी एक लाकडी फळी. रस्त्याकडची खिडकी मुलीच्या पाठीमागे, उजवीकडे. म्हणजे घरातलं सगळं डावीकडून येणार आणि रस्त्यावरचं सगळं उजवीकडून.

नकाशा झाला की वेळेची यादी. दुसऱ्या खेपेची आमची यादी ही:

- ०:०० ते ०:३५: दोघांचं बोलणं. शब्द कळत नाहीत.
- ०:३५: बोलणं मध्येच तुटतं. आठ सेकंद काहीच नाही.
- ०:४३: कपाटाचं दार.
- ०:५०: बॅगेची चेन, एका दमात, लांब.
- ०:५८: पावलं. मुलीच्या दारासमोर थबकतात. पुढे जातात.
- १:१२: मुलगी उठते आणि आपलं दार बोटभर उघडते.
- १:१८: घराच्या किल्ल्या लाकडावर ठेवल्याचा आवाज.
- १:२२: बाहेरचं दार, सावकाश लावलेलं.
- १:४०: रस्त्यावर गाडी सुरू होते आणि तशीच उभी राहते.
- १:५१: गाडी जाते.

पहिल्या खेपेच्या यादीत यातल्या तीन गोष्टी नव्हत्या: पावलांचं थबकणं, किल्ल्या, आणि गाडीचं उभं राहणं. निघून जाणारा माणूस कोण आहे आणि त्याच्या मनात काय चाललंय हे त्या तिघींतूनच कळतं. बाकीचे आवाज फक्त एवढंच सांगतात की कुणीतरी कपाट उघडलं.

कुठला आवाज ओळखू येतो?

यादीतला प्रत्येक आवाज मोबाइलवर कच्चा रेकॉर्ड करा आणि ज्याला गोष्ट माहीत नाही अशा माणसाला डोळे मिटून ऐकवा. "हे काय आहे?" एवढंच विचारा. निकाल पाहून आपल्याला धक्का बसतो. चेन, शिट्टी, काच फुटणं, दारावरची थाप, हे झटकन ओळखलं जातं. कपड्यांच्या घड्या, गादीवर बसणं, कागद सरकवणं हे नुसतं खसखस होऊन बसतं. काही आवाज तर सरळ दुसऱ्याच गोष्टीसारखे ऐकू येतात. पाऊस आणि तळणातला चर्र आवाज चित्राशिवाय वेगळे ओळखणं अवघड असतं. मिठी मारणं, रडू आवरणं, मान फिरवणं यांना आवाजच नाही. तुमच्या प्रसंगाचा कणा अशा एखाद्या कृतीवर असेल तर तो प्रसंग दाराआड घालूच नका.

आमच्याकडे आधी वडील कपड्यांच्या घड्या करून बॅग भरतात असं होतं. ते काढून टाकलं. नुसती एक लांब चेन ठेवली. भरलेल्या बॅगेची चेन रिकाम्या बॅगेपेक्षा जड ओढली जाते, मध्ये अडते, शेवटी कोपऱ्यावर वळताना तिचा सूर बदलतो. आम्ही बॅगेत खरोखर कपडे कोंबून रेकॉर्ड केलं आणि बॅग भरल्याचं वेगळं सांगायची गरज उरली नाही.

ओळख आधी करून द्या

किल्ल्यांचा आवाज ओळखू येतो, पण "या घराच्या, या माणसाच्या किल्ल्या" हे त्यातून कसं कळणार? त्यासाठी तो आवाज आधी चित्रासोबत ऐकवावा लागतो. आम्ही वडिलांच्या जुडग्यात एक लहान घुंगरू अडकवलं. लघुपटाच्या पहिल्याच मिनिटात ते घरी येतात, दार उघडतात आणि जुडगा दाराजवळच्या फळीवर टाकतात. घुंगरू वाजतं, मुलगी मान वर करते. पुढे एकदा ते सकाळी निघताना जुडगा उचलतात, पुन्हा तोच आवाज. एवढं झालं की तिसऱ्यांदा चित्र लागत नाही.

ही युक्ती बोलपटाच्या अगदी सुरुवातीपासूनची आहे. फ्रिट्झ लांग यांच्या १९३१च्या 'एम' या चित्रपटात मुलांचा खुनी एक ठरावीक धून शिळेवर वाजवतो. प्रेक्षकाच्या कानात ती बसली की पुढे चौकटीत कुणी नसलं तरी नुसती शीळ पुरते. त्या गोष्टीत त्याला ओळखतोही एक आंधळा फुगेवाला, शिळेवरूनच.

मात्र ओळख करून देताना दोन गोष्टी पाहा. पहिल्या वेळी तो आवाज चित्रात स्पष्ट दिसावा आणि त्यावर कुणाची तरी प्रतिक्रिया असावी, नाहीतर तो प्रेक्षकाच्या कानाआड जातो. आणि ओळखीच्या वेळचा नि नंतरचा आवाज एकच असावा. तोच जुडगा, तीच फळी. नंतर तयार आवाजांच्या लायब्ररीतल्या 'किल्ल्या' आणून लावल्या की धागा तुटतो. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण ओळख पटत नाही एवढं खरं.

शूटिंगच्या दिवशी

मुलगी या प्रसंगात एक शब्दही बोलत नाही. त्यामुळे आम्हाला एक चैन करता आली: पलीकडच्या खोलीत दोन्ही नटांना खरंखुरं भांडायला लावलं. लिहिलेले संवाद, खरं कपाट, खरी बॅग, खरी पावलं. मुलीला फक्त एवढंच सांगितलं की चित्र रंगवत राहा आणि पाहिजे तेव्हा थांब. पावलं दारासमोर थबकली तेव्हा तिचा खडू कागदावर नुसता टेकून राहिला. हे मला सुचलं नसतं. उलट, "आता आवाज आला असं समज" म्हणून केलेल्या टेकमध्ये ती दर वेळी अर्धा क्षण आधीच दचकायची.

तुमच्या प्रसंगात दिसणारं पात्र बोलत असेल तर हे जमणार नाही. पलीकडचा गोंधळ त्याच्या संवादावर चढतो आणि नंतर वेगळा करता येत नाही. तेव्हा एका टेकमध्ये आवाज ऐकवून नटाला वेळ आणि मन:स्थिती समजू द्या आणि पुढचे टेक शांततेत घ्या. फार तर कुणीतरी चौकटीबाहेरून हात दाखवून इशारा करावा.

रेकॉर्डिंग दोन ठिकाणी करा. एक माइक पलीकडच्या खोलीत, आवाजाजवळ. दुसरा मुलीच्या खोलीत, तिच्या कानाच्या जागी. सुरुवातीला दार उघडं असताना उंबऱ्यात एक टाळी वाजवा, म्हणजे दोन्ही ट्रॅक नंतर जुळवता येतील. तेच सगळं दार बंद, दार बोटभर उघडं आणि दार सताड उघडं अशा तिन्ही स्थितींत घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण आपल्या घराची भिंत खरोखर काय करते याचा तोच एक पुरावा. शेवटी सगळ्यांना गप्प बसवून मुलीच्या खोलीची निव्वळ शांतता मिनिटभर घ्या. हिलाच रूम टोन म्हणतात. त्या आठ सेकंदांच्या शांततेत हीच लागणार आहे.

भिंत कशी बांधायची

भिंत किंवा दार सगळ्या आवाजाला सारखं अडवत नाही. जाड सूर पार होतो, बारीक सूर अडतो. शेजारच्या घरातलं गाणं आपल्याला नुसतं धबधब म्हणून ऐकू येतं ते यामुळेच. एडिटमध्ये हे करायला लो-पास फिल्टर असतो. ठरावीक कंपनसंख्येच्या वरचं तो कापतो. लाकडी बंद दारासाठी ६०० ते ८०० हर्ट्झपासून सुरुवात करा, उतार १२ डेसिबल प्रति सप्तक ठेवा आणि मुलीच्या खोलीतल्या माइकच्या रेकॉर्डिंगशी ताडून पाहा. तो खरा नमुना आहे, आकडा फक्त सुरुवातीला.

इथे नवशिक्यांच्या हातून हमखास एक गोष्ट होते. नुसता फिल्टर लावला की आवाज उशीखाली दाबल्यासारखा लागतो, दाराआडचा लागत नाही. कारण खऱ्या दाराखाली फट असते. त्या फटीतून बारीक आवाज थोडासा का होईना येतोच. म्हणून मूळ आवाजाची एक न कापलेली प्रत खाली ठेवा, साधारण २० डेसिबल हळू. ती वेगळी ऐकू येता कामा नये. बंद केली तर मात्र काहीतरी गेल्यासारखं वाटलं पाहिजे.

दुसरी गोष्ट क्रमाची. आवाज आधी आईवडिलांच्या खोलीत घुमतो, मग दारातून गाळला जातो, मग मुलीच्या खोलीत थोडा पसरतो. एडिटमध्येही तसाच क्रम हवा: आधी पलीकडच्या खोलीचा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, मग फिल्टर, मग अलीकडच्या खोलीचा हलकासा रिव्हर्ब. बरेच जण फिल्टर लावून वर मोठा रिव्हर्ब ओततात, "लांबचा वाटावा म्हणून". तो लांबचा वाटत नाही, विहिरीतला वाटतो. लांबपणा येतो तो थेट आवाज कमी झाल्याने, घुमणं वाढवल्याने नाही.

एवढी यातायात नको असेल तर जुना उपाय आहेच. पलीकडच्या खोलीत स्पीकर ठेवा, त्यावर जवळून रेकॉर्ड केलेले आवाज वाजवा आणि ते मुलीच्या खोलीत माइक ठेवून पुन्हा रेकॉर्ड करा. वॉल्टर मर्च या संकलकाने या पद्धतीला 'वर्ल्डायझिंग' असं नाव दिलं. घर जर उद्याही तुमच्या हातात असणार असेल तर फिल्टरशी झटापट करण्यापेक्षा मी हेच करीन.

बोलणं कळावं की कळू नये?

माणसाच्या बोलण्यातला सूर खाली असतो, पुरुषाचा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास आणि बाईचा त्याच्या दुप्पट. शब्द ओळखू येतात ते मात्र बरेचसे १,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यामुळे. दार नेमका हाच पट्टा अडवतं. म्हणजे शब्द जातात आणि चाल उरते. कोण विनवतंय, कोण तोडून बोलतंय, कोण मध्येच थांबलं, हे चालीवरून समजतं. मुलीलाही तेवढंच समजतंय. तिला शब्द कळले नाहीत पण आपल्याला कळले, तर आपण तिच्या खोलीतून उठून पलीकडे गेलो.

म्हणूनच संवाद पूर्ण लिहायचे. नटांना "काहीतरी बडबडा, कळणार नाहीच" असं सांगितलं की चाल खोटी पडते. दोघं एका लयीत, आळीपाळीने बोलत राहतात. खऱ्या भांडणात एक जण तीन वाक्यं सलग बोलतो आणि दुसरा गप्प असतो.

आम्ही एकच शब्द कळू दिला: मुलीचं नाव. आई ते एकदा घेते, आवाज चढवून, सव्विसाव्या सेकंदाला. तिथे फिल्टर जेमतेम सेकंदभर १,८०० हर्ट्झपर्यंत उघडला आणि मिटवला. खऱ्या भिंती असं करत नाहीत, कान मात्र करतात. गर्दीतही आपलं नाव आपल्याला बरेचदा ऐकू येतं.

दार बोटभर उघडतं तेव्हा

या प्रसंगाची सगळी मजा आणि सगळी अडचण इथे आहे. घुंगराचा आवाज बारीक, काही हजार हर्ट्झच्या घरातला. बंद दारातून तो स्पष्ट येणं शक्यच नाही. किल्ल्या यादीत घातल्यावर सुरुवातीला मी तो तसाच, स्पष्ट, बंद दारातून ऐकवला होता. पाहणाऱ्यांना वाटलं की घुंगरू खोलीतच वाजलं. एकाने तर पडद्यावर मांजर शोधलं.

फिल्टर लावून पाहिला तर घुंगरू नाहीसं झालं आणि नुसता फळीवरचा 'ठक्' उरला. तेव्हा कळलं की हा प्रश्न मिक्सिंगचा नाही, प्रसंगाचा आहे. मुलीने दार उघडलं पाहिजे. ती उठते, दाराशी जाते, कडी न वाजवता दार बोटभर ओढते. कॅमेरा दाराच्या पाठीमागच्या बाजूला आहे. आपल्याला दाराची कड आणि तिचा अर्धा चेहरा दिसतो, बोळ दिसत नाही. आणि दार उघडतं तसं जग उघडतं: बोळातला घुमारा, पावलांची टाच, आईचा श्वास. सहा सेकंदांनी घुंगरू, पुरतं स्वच्छ.

हे करायला फिल्टरचा आकडा दाराच्या हालचालीला बांधावा लागतो. दार हलायला लागलं त्या फ्रेमपासून थांबलं त्या फ्रेमपर्यंत, आमच्याकडे साधारण १५ फ्रेममध्ये, फिल्टर ७०० हर्ट्झपासून वर नेला. पण पूर्ण उघडला नाही, ६,००० वर थांबवला. बोटभर फट म्हणजे उघडं दार नव्हे. आवाजाची पातळी आणि फिल्टर दोन्ही वाढवायचे हे लक्षात ठेवा. नुसती पातळी वाढवली तर पलीकडच्यांनी ओरडायला सुरुवात केल्यासारखं होतं.

आणि त्या क्षणी खोलीतलं काहीतरी शांत ठेवा. आमच्या रूम टोनमध्ये पंख्याची घरघर होती, ती घुंगरावर चढत होती. शूटिंगला पंखा बंद ठेवला असता तर बरं झालं असतं. नंतर आम्ही ती घरघर मुलगी उठल्यापासून हळूहळू चार डेसिबल खाली घेतली. कुणालाही कळलं नाही. पार्श्वभूमी मात्र शून्यावर कधी नेऊ नका. आठ सेकंदांच्या शांततेतही रूम टोन चालूच राहतो, नाहीतर प्रेक्षक आवाज गेला की काय म्हणून इकडेतिकडे पाहू लागतो.

कट कुठे नको

आवाज आला की लगेच कट मारायचा मोह होतो. त्याने घात होतो. आवाज ऐकू येताच चित्र बदललं की प्रेक्षकाला वाटतं आता दाखवणार, आणि तुम्ही तर दाखवणार नाही. कपाटाच्या आवाजावर आम्ही मुलीच्या जवळच्या शॉटवर गेलो होतो. सगळ्यांनी चेहऱ्यात उत्तर शोधलं आणि चेन ऐकलीच नाही. शेवटी ०:३५ पासून १:१२ पर्यंत एकच शॉट ठेवला.

कट हवाच असेल तर आवाजाच्या आधी मारा किंवा प्रतिक्रिया पुरी झाल्यावर. आणि प्रतिक्रियेला उशीर होऊ द्या. ऐकणं, ओळखणं, मग हलणं, याला माणसाला वेळ लागतो. दचकणं लगेच होतं, समजणं होत नाही. किल्ल्यांचा आवाज आणि मुलीच्या चेहऱ्यातला बदल यांत आम्ही २० फ्रेम जाऊ दिल्या, म्हणजे पाऊण सेकंदाहून थोडं अधिक. प्रेक्षकाला स्वतः ओळखायला तेवढा वेळ मिळाला. तिने आधी ओळखलं असतं तर त्याला उत्तर आयतं मिळालं असतं.

दिशेचंही इथेच सांगून टाकतो. घर डावीकडे आणि रस्ता उजवीकडे असं आपण ठरवलं, पण कॅमेरा उलट बाजूला गेला की दार उजवीकडे येतं. आवाजही प्रत्येक कटला उजवीकडे-डावीकडे उड्या मारू लागला तर डोकं दुखतं. एकाच बाजूने शूट करा. ते शक्य नसेल तर आवाज मध्याकडे आणा आणि दिशा जेमतेम सुचवा.

गाडी उभी राहते

गाडी सुरू होऊन लगेच गेली तर तो नुसता जाणारा माणूस. सुरू होऊन उभी राहिली तर तो विचार करणारा माणूस. प्रश्न एवढाच, की किती वेळ? तीन सेकंद ठेवले तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही, गाडी गिअरमध्ये टाकायला तेवढा वेळ लागतोच. सहा सेकंदांना लोक थोडे चुळबुळले. अकरा सेकंदांना पाहणारी एक बाई पुटपुटली, "परत येतोय वाटतं." अठरा करून पाहिले तर लोकांना गाडी बिघडली असं वाटलं. आम्ही अकरावर थांबलो.

आणि मग तो लघुपट मी मोबाइलवर लावला आणि गाडी उभी राहिलीच नाही! सुरू झाल्याचा खर्रर्र आवाज आला, मग शांतता, मग निघून गेल्याचा आवाज. कारण सोपं आहे. चार सिलिंडरचं इंजिन उभं असताना मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला जेमतेम २७ ठोके. त्याचा गाभा इतका खाली आहे की मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला तो वाजवताच येत नाही. तो स्पीकर ३०० हर्ट्झच्या खाली फारच थोडं वाजवतो. हीच गत दाराआडच्या बोलण्याचीही झाली होती. मी ७०० हर्ट्झच्या वरचं कापलं, मोबाइलने ३०० च्या खालचं कापलं, उरलं एक पातळ गुणगुणणं.

उपाय दोन्हीकडे सारखाच: मधल्या पट्ट्यात काहीतरी असू द्या. गाडीसाठी आम्ही खिडकीच्या काचेची बारीक थरथर जोडली, ती हजार हर्ट्झच्या वरची. मोबाइलवर इंजिन ऐकू येत नाही, पण थरथरणारी काच ऐकू येते आणि ऐकणारा इंजिन स्वतःच भरून घेतो. गाडी गेली की काच थांबते. बोलण्यासाठी फिल्टर थोडा वर, ९०० पर्यंत नेला आणि फटीतली ती हळू प्रत तीन डेसिबलने वाढवली. मोठ्या स्पीकरवर भिंत किंचित पातळ वाटते. ते मी सोसलं.

माणसांवर तपासा

तपासताना "कळलं का?" असं विचारू नका, सगळे "हो" म्हणतात. "काय झालं ते क्रमाने सांगा," असं म्हणा आणि गप्प बसा. आधी एकाला फक्त आवाज ऐकवा, चित्राशिवाय. मग दुसऱ्या, नव्या माणसाला चित्रासकट दाखवा. पहिल्याला घटनांचा क्रम सांगता आला पाहिजे: कपाट, बॅग, जाणं, किल्ल्या. दुसऱ्याला त्यापुढचं: ते परत येणार नाहीत. पहिला अडखळला तर आवाज चुकलेत. पहिला बरोबर पण दुसरा "कामाला गेले" म्हणाला, तर आवाज ठीक आहेत आणि ओळख करून देणं कमी पडलंय. आमच्याकडे हेच झालं होतं. घुंगरू पहिल्या मिनिटात फक्त एकदा होतं. सकाळी जुडगा उचलण्याचा प्रसंग आम्ही त्यानंतर घातला. एकाच माणसाला दोनदा दाखवून मात्र उपयोग नाही. दुसऱ्या वेळी त्याला उत्तर माहीत असतं.

एक काम अगदी शेवटी येतं आणि घाईत बिघडतं: ऐकू न येणाऱ्यांसाठी पडद्यावर येणाऱ्या ओळी. आमच्या पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, "वडील किल्ल्या ठेवून निघून जातात." झालं, दोन मिनिटांचं काम एका ओळीने उघडं पाडलं. ऐकणाऱ्याला जेवढं कळतं तेवढंच वाचणाऱ्याला कळावं, आणि त्याच वेळी. आम्ही पहिल्या मिनिटातल्या दृश्यात "फळीवर किल्ल्या, घुंगरू वाजतं" असं लिहिलं, आणि शेवटच्या प्रसंगात "दुरून घुंगरू, लाकडावर". गाडीसाठी दोन ओळी ठेवल्या. पहिली "इंजिन सुरू होतं", आणि अकरा सेकंदांनी दुसरी, "गाडी दूर जाते". मधले अकरा सेकंद पडद्यावर एकही अक्षर नाही, फक्त मुलगी आहे आणि तिच्या हातातला खडू.